अनुभव धागा: रेंज नसलेल्या रस्त्यावर कुटुंबासोबत, नकाशे आणि नियोजन

धागाकर्ती (डोंगरवेडी): यंदा सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन चंदीगडहून स्पिती केलं: शिमला, रामपूर, नाको, ताबो, काझा, मग कुंझुम खिंड ओलांडून मनाली. नाकोच्या पुढे बराच वेळ फोनवर फक्त घड्याळ चालतं.

निघण्याआधी एक चाचणी केली, ती प्रत्येकाने करावी असं मनापासून वाटतं. गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टिचकी मारून ‘ऑफलाइन मॅप्स’ मध्ये चौकट निवडली आणि उतरवून घेतली. मग फोन विमान मोडवर टाकून शिमला ते काझा रस्ता मागितला, तो आला. चंदीगड ते काझा मागितला तर नाही, कारण चौकट शिमल्यापासून सुरू होत होती. सुरुवात आणि शेवट दोन्ही चौकटीत हवेत. म्हणून चंदीगडही आत येईल अशी मोठी चौकट पुन्हा उतरवली. मुक्कामांची घरं आणि पेट्रोल पंप जागा म्हणून आधीच सेव्ह केले, कारण नेट नसताना नावाने शोधलं तर छोटी होमस्टे बऱ्याचदा सापडत नाहीत.

तुम्ही काय करता? खास करून वेळेचा अंदाज कसा बांधता?

सातपुडा_सायकल: एवढा खटाटोप कशाला? रेंज असताना रस्ता लावून ठेवायचा, तो पुढे दिसत राहतो.

घाटवाट: अर्धं खरं आहे, दादा. लावलेला रस्ता दिसतो, पण चहाला थांबून ॲप बंद झालं किंवा एखादं वळण चुकलं की नवीन रस्ता काढायला नकाशा फोनमध्येच असावा लागतो.

निलूताई: लडाखला आमची प्रीपेड सिम चाललीच नाहीत, पोस्टपेड घ्यावं लागलं. तुम्हीही तेच घ्या.

डोंगरवेडी: निलूताई, तो नियम जम्मू-काश्मीर आणि लडाखचा, हिमाचलला लागू नाही. शिवाय टॉवरच नसेल तिथे पोस्टपेड काय करणार!

पिंपळपार: पण नेटशिवाय आपण कुठे आहोत ते फोनला कळतं कसं?

घाटवाट: जीपीएसला नेट लागत नाही. उपग्रहांचा सिग्नल थेट फोनला मिळतो. नेट असलं की पहिली जागा पटकन लागते, एवढाच फरक. सतलजच्या अरुंद दरीत आकाश कमी दिसतं, तिथे निळा ठिपका उड्या मारतो. उघड्या जागी गाडी थांबवून दोन-चार मिनिटं द्यावीत. आणि रेंज नाही तिथे विमान मोडच ठेवा, लोकेशन चालू राहू द्या. टॉवर शोधत बसला की फोनची बॅटरी झपाट्याने उतरते.

आता वेळेचं. नकाशा अंतर बरोबर सांगतो, वेळेवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. कुंझुम उतरल्यावर मनालीच्या वाटेवरचं बातल ते ग्राम्फू जेमतेम 50 किमी, पण दगडगोटे आणि आडवे येणारे नाले, म्हणून आम्ही चार तास धरले. ऊन चढलं की बर्फ वितळून दुपारनंतर नाल्यांचं पाणी वाढतं, हे कुठलंही ॲप सांगत नाही. म्हणून काझाहून पहाटे निघालो आणि दुपारच्या आत ग्राम्फू गाठायचं ठरवलं. गाडीत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर दर दोन तासांची विश्रांती त्यात आधीच मोजा.

दुसरं, कुंझुम हिवाळ्यात बंद असतो. नेट नसेल तर नकाशाला ते कळत नाही, तो खुशाल तिथूनच रस्ता दाखवतो. काझात चौकशी केल्याशिवाय निघू नका. बंद असेल तर किन्नौरमार्गे माघारी यायचे दिवस हाताशी ठेवा.

सातपुडा_सायकल: हे मान्य. पण मग गूगलच का? ऑरगॅनिक मॅप्समध्ये पायवाटा, पाण्याच्या जागा जास्त दिसतात.

डोंगरवेडी: दोन्ही ठेवते. नवऱ्याच्या फोनवर ऑरगॅनिक, माझ्यावर गूगल. पण ऑरगॅनिकमध्ये राज्यनिहाय नकाशे आहेत, फक्त हिमाचल उतरवलं तर चंदीगडहून रस्ता निघत नाही.

निलूताई: दोन नकाशे वेगळं सांगू लागले तर ऐकायचं कुणाचं?

घाटवाट: मी समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला हात करतो. तो त्याच रस्त्यावरून आलेला असतो.

सातपुडा_सायकल: मला नाही पटत, दोन ट्रकवाल्यांनी दोन गोष्टी सांगितलेल्या मी ऐकल्यात. मी तरी ज्या नकाशात रस्ता अलीकडे कुणी दुरुस्त केलाय, तो धरतो.

पिंपळपार: आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. तेव्हा कुंझुम उघडा असतो का?

घाटवाट: दर वर्षी वेगळं. काही वर्षी त्या सुमारास उघडतो, काही वर्षी नाही. परतीचं बुकिंग काझात पोहोचल्यावरच करा.