मदत हवी आहे: एम ३० चे आतले आटे, कटर २० चा, पाथ १० दिला तरी गो गेज जात नाही

भोसरीकर_व्हीएमसी
जरा लवकर सांगा, जॉब मशीनवर अडकलाय. एम ३० चे आतले आटे थ्रेड मिलने पाडतोय. कटर २० चा. मोठा व्यास वजा कटर, म्हणजे ३० − २० = १० चा पाथ घेतला, त्रिज्या ५. गो गेज एक-दीड आटा जातं आणि अडकतं. फॉर्म्युला चुकीचा आहे का? पाथ किती ठेवू?

अण्णा_शिरोली
पिच लिहिली नाहीस. एम ३० म्हटलं की ३.५ ची पिच, त्याला बोअर २६.५ लागतो. आधी बोअर तपास.

भोसरीकर_व्हीएमसी
पिच २ आहे अण्णा. ड्रॉइंगवर एम ३० बाय २, ६एच. पण पिचचा काय संबंध? पाथ तर व्यासावरून निघतो.

अण्णा_शिरोली
मग २८ चा बोअर. पाथ काढायची माझी पद्धत वेगळी आहे. बोअरमध्ये आट्याची खोली दोन्ही बाजूंची मिळवायची, मग कटर वजा करायचा. खोली ०.६१३ गुणिले पिच, म्हणजे १.२२७. २८ अधिक २.४५ म्हणजे ३०.४५. वजा २०. पाथ १०.४५. लाव आणि बघ, गेज सरळ आत जाईल.

प्राची_कॅम
अण्णा, गो जाईल, पण नो-गोपण जाईल. ०.६१३ हा आकडा बोल्टच्या बाहेरच्या आट्यांचा. आतल्या आट्याला ०.५४१ गुणिले पिच, म्हणजे १.०८. शिवाय तुम्ही खोली मोजताय २८ पासून, ती मोजायची मूळ लहान व्यास २७.८३५ पासून. २७.८३५ अधिक २.१६५ बरोबर ३० येतं. म्हणजे फिरून तोच फॉर्म्युला.

भोसरीकर, फॉर्म्युला बरोबर आहे, पण तो 'कटरचं टोक ३० वर पोचलं' एवढंच सांगतो. गेज अडतं ते आट्याच्या उतारावर, पिच व्यासावर. आता हे सांगा: इन्सर्ट फक्त २ पिचचा आहे की रेंजवाला? २० हा आकडा मोजलेला की डब्यावरचा? G41 लावलाय का? बोअर किती निघाला?

बाळू_टर्नर
एवढा खटाटोप कशाला? एम ३० चा मशीन टॅप आणा, संपला विषय. आमच्याकडे सगळं टॅपनेच होतं.

भोसरीकर_व्हीएमसी
बाळूभाऊ, ब्लॉक महागाचा आहे. टॅप आत तुटला तर मीच आत जाईन.

ताई, बोअर २८.०५. इन्सर्ट १.५ ते ३ वाला, होल्डरवर एकच बसतो. २० होल्डरच्या डब्यावर लिहिलंय. G41 आधी होता, सेटरने D मध्ये १० टाकायला सांगितलं तर 041 अलार्म आला, म्हणून काढून टाकला. आत्ता असं चालतंय:

```
G01 X5.0 F160
G91 G03 I-5.0 Z2.0
```

खाली Z2.0 ची ओळ वरपर्यंत रिपीट आहे. S1600.

प्राची_कॅम
अलार्म येणारच. तुमचा प्रोग्राम आधीच कटरच्या केंद्राचा आहे, त्यात कटर एकदा वजा झालाय. D मध्ये १० टाकल्यावर मशीन ५ त्रिज्येच्या आत अजून १० सरकायला बघतं, तिथे जागाच नाही. G41 सकट चालवायचं तर प्रोग्राम १५ त्रिज्येचा लिहा आणि D मध्ये कटरची त्रिज्या द्या. नाहीतर पाथ ५ चाच ठेवा आणि D मध्ये फक्त वेअर. दोन्ही एकत्र नको.

आता खरं कारण. २ पिचच्या आतल्या आट्याला तळाशी पाव मिमी सपाटी असते. तुमच्या इन्सर्टला १.५ पिचसुद्धा करायची आहे, म्हणून त्याचं टोक त्या मापाने अरुंद, साधारण ०.१९. अरुंद टोक नेमकं ३० वर थांबलं की खाच हवी तेवढी रुंद होत नाही, उतारावर मटेरियल राहतं आणि गो तिथे अडकतं. फरक ०.०६, एका बाजूला ०.०३. तीस अंशाच्या उतारावर तेवढं भरून काढायला त्रिज्येत साधारण ०.०५४ आत जावं लागतं, व्यासात ०.११. म्हणजे पाथ १०.११, तोही पिच व्यासाच्या अगदी खालच्या काठावर. ६एच मध्ये पिच व्यास २८.७०१ ते २८.९२५ चालतो. मध्यावर बसायचं तर अजून ०.११, म्हणजे १०.२२. मोठा व्यास ३०.२ च्या पुढे जाईल, जाऊ दे. आतल्या आट्याच्या मोठ्या व्यासाला वरची मर्यादा दिलेली नसते. टोकाचं नेमकं माप मात्र इन्सर्टच्या कॅटलॉगमधून घ्या, मी पिचवरून अंदाज केलाय.

अण्णा_शिरोली
म्हणजे माझ्यासारखंच, जरा जास्त कापायचं.

प्राची_कॅम
जरा म्हणजे किती, तोच तर प्रश्न आहे अण्णा. तुमच्या १०.४५ मध्ये स्क्रॅप, १०.२२ मध्ये पास.

टूलरूम_सातपूर
मी बाहेरच्या आट्यांना लहान व्यास अधिक कटर घेतो, कधी अडचण आली नाही. शाफ्ट कितीचा आहे?

बाळू_टर्नर
शाफ्ट कुठून आला मध्येच?

जुना_सेटर
ताईंचा हिशोब पटतो, पण फीड कोणी पाहिलंच नाही. F160 पाथवर दिलाय. केंद्र १० च्या वर्तुळावर फिरतं, धार ३० च्या. म्हणजे धारेवर तिप्पट, ४८०. एका इन्सर्टला फेरीला ०.३ चिप, एवढ्या लांब होल्डरवर तो वाकणारच आणि भोक लहान निघणार. धारेला १६० हवे तर १६० गुणिले १०, भागिले ३०, F53 द्या. पाथ वाढवण्याआधी हे करा.

प्राची_कॅम
फीड जास्त आहे, मान्य. पण फीड कमी केलं तरी टोकाचे ०.११ राहणारच.

जुना_सेटर
राहतील. पण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे जमलं ते कळणार नाही. डब्यावरच्या २० वरही विसंबू नका. होल्डर प्रीसेटरवर फिरवून टोकाची त्रिज्या वाचा.

भोसरीकर_व्हीएमसी
प्रीसेटरवर त्रिज्या ९.९७ आली. म्हणजे कटर १९.९४?

प्राची_कॅम
हो. मग पाथ १०.०६ पासून सुरू करा. त्यात ०.११ टोकाचे. १०.१७ वर गो अडूनअडून जाईल, तिथून पुढे वेअर. G41 ठेवून D मध्ये उणे ०.०५ टाकलं की व्यास ०.१ ने वाढतो. अधिक टाकलंत तर उलटा लहान होईल. प्रत्येक वेळी गो लावून बघा, नो-गो दोन आट्यांपुढे गेलं की थांबा. आणि X5.0 ने सरळ भिंतीत घुसू नका, अर्धवर्तुळाने शिरा, नाहीतर तिथे खूण राहते.

भोसरीकर_व्हीएमसी
F53 केलं, पाथ १०.२० वर आणला. वरचे आटे मस्त, गो हाताने फिरतं, नो-गो जेमतेम एक आटा. खालचे चार-पाच आटे मात्र घट्ट, गो तिथे थांबतं. एकूण खोली २६. आता?

जुना_सेटर
तिथे होल्डर वाकतोय. त्याच मापावर एक रिकामा पास फिरवा.

प्राची_कॅम
रिकाम्या पासने थोडं जाईल, सगळं नाही. होल्डर किती बाहेर काढलाय? २६ खोलीला ३५ पुरे.

भोसरीकर_व्हीएमसी
७० बाहेर आहे. मागच्या जॉबचा तसाच राहिला.

जुना_सेटर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं भाऊ.

अण्णा_शिरोली
त्या ७० वाल्याला मीपण १०.४५ सांगत होतो. होल्डर आत घेतलास की परत शून्यापासून माप घे, टोक हललेलं असणार.

बाळू_टर्नर
टॅप असता तर आत्तापर्यंत चहा झाला असता.