अनुभव धागा: परदेशात प्रवासी कार्ड नाकारलं गेलं, बॅलन्स गायब दिसला

शुभ्रकमळ
काल रात्री भाच्याचा प्रागहून फोन आला. हॉस्टेल सोडलं, स्टेशनवर आला, ॲप उघडलं तर कार्डावरचे दोनशेच्या वर युरो कमी. कुठे खर्च झाले त्याची नोंद नाही. पोराचा आवाज कापत होता. त्याला समजावताना आमचं व्हिएन्ना आठवलं, म्हणून हा धागा काढतेय. तुमचंही लिहा, कोणाच्या तरी कामी येईल.

आमचं असं झालं होतं. मी आणि आई. नागपुरातूनच कार्डावर 1800 युरो भरून नेले होते. व्हिएन्नाच्या हॉटेलात शिरताना रिसेप्शनवर कार्ड मागितलं, मशीनला लावलं, पिन घेतला. चार रात्रींचे 480 आणि वर 200 अनामत, असे 680. बॅलन्स 1120 झाला. मला वाटलं बिल झालं. निघताना शहराचा कर आणि आईचा नाश्ता धरून बिल आलं 496 चं, आणि त्यांनी कार्ड पुन्हा लावलं. मी विचारलं, आधीचे 680? ते परत येतात म्हणाले. साल्झबर्गला गाडी भाड्याने घ्यायची होती. तिथे 800 ची अनामत. मशीनवर नुसतं 'डिक्लाइन्ड'. पुन्हा केलं, तेच. हिशोबाने माझ्याकडे 1304 असायला हवे होते, ॲपमध्ये 624. आई बॅगांवर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती, ते मला आजही नको वाटतं.

गाडी मिळाली नाहीच. पुढे रेल्वेने गेलो, आणि खरं सांगते, आईला ती रेल्वेच जास्त आवडली.

तर्रीपोहे
बापरे. भाच्याला सांगा आत्ताच्या आत्ता कार्ड ब्लॉक कर म्हणा. नोंद नाही आणि पैसे गेले म्हणजे कोणीतरी कार्डाची नक्कल केली. माझ्या साडूचं बँकॉकमध्ये असंच झालं होतं.

फुटाळा
+1 ब्लॉक करा आधी

निवृत्त काउंटरवाली
थांबा थांबा, ब्लॉक करू नका! पोळ्या करतेय, तव्यावरची उतरवून लिहिते.

विदर्भ एक्स्प्रेस
काकू, पोळ्या जळू देऊ नका 😀 भाचा कुठल्या हॉस्टेलात होता? आम्ही प्रागला जाणार आहोत डिसेंबरात. थंडी कितपत असते? नागपूरच्या पोरांना झेपते का?

शुभ्रकमळ
@विदर्भ एक्स्प्रेस, थंडीचं त्याला विचारून सांगते. आत्ता त्याला फक्त पैसे दिसताहेत.

निवृत्त काउंटरवाली
आले. मी सीताबर्डीला बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर बरीच वर्षं होते. बॅलन्स गायब म्हणून येणाऱ्या तक्रारींत चोरीच्या कमी असायच्या, हॉटेलच्या आणि भाड्याच्या गाडीच्या जास्त. शुभ्रकमळ, तुमची कथा तर अगदी नेहमीची.

हॉटेल आत घेताना पैसे घेत नाही, अडवून ठेवतं, त्यालाच ऑथरायझेशन किंवा होल्ड म्हणतात. ते 680 हॉटेलच्या खात्यात गेलेच नव्हते. तुमच्याच कार्डावर होते, पण कुलूप लागलेले. म्हणून स्टेटमेंटमध्ये खर्च दिसत नाही आणि वापरायला उरलेल्या रकमेतून मात्र ते वजा दिसतात. निघताना रिसेप्शनने तेच जुनं ऑथरायझेशन उघडून त्यातून 496 घेतले असते तर उरलेले सुटायच्या मार्गाला लागले असते. पण बऱ्याचदा पाळी बदललेली असते, नवा माणूस मशीनवर सरळ नवीन विक्री मारतो. मग 496 वेगळे जातात आणि 680 तसेच अडकून राहतात. क्रेडिट कार्डावर हे जाणवत नाही, मर्यादा मोठी असते. प्रीपेडवर भरलेत तेवढेच पैसे, म्हणून पुढच्या दुकानात लगेच अडतं.

ओळखायचं कसं: त्या दिवशीचा एसएमएस काढून बघा. रक्कम आणि हॉटेलचं नाव असतं, पण ती रक्कम स्टेटमेंटच्या झालेल्या व्यवहारांत नसते. गेलेली रक्कम आणि एसएमएसमधली रक्कम जुळली की चोरी नाही, होल्ड आहे.

शुभ्रकमळ
काकू, भाच्याने आत्ता बघितलं. आत शिरतानाचा 212 युरोचा एसएमएस आहे. आणि कमी दिसतात तेही 212!

निवृत्त काउंटरवाली
मग झालं, तोच प्रकार. आता ब्लॉक का नको ते सांगते. कायमचं ब्लॉक केलं की हातातलं कार्ड मेलं आणि होल्ड तसाच राहतो, तो सुटत नाही. बँकेने दिलेल्या पाकिटात दुसरं कार्ड मिळालं असेल तर ते चालू करून घ्यावं लागतं, नसेल तर परदेशात नवीन येईपर्यंत हाल. खरंच शंका असली तर ॲपमधून तात्पुरतं बंद करावं, आपल्याला परत चालू करता येतं.

त्याने हॉस्टेलला मेल करावा: मूळ ऑथरायझेशन रद्द करा आणि तसं लेखी कार्ड देणाऱ्या बँकेला कळवा. मेलमध्ये तारीख, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि एसएमएसमधला किंवा स्लिपवरचा ऑथरायझेशन कोड. पूर्ण कार्ड नंबर कधीच लिहायचा नाही. हॉस्टेलचं उत्तर आलं की तेच बँकेच्या हेल्पलाइनच्या मेलवर पुढे पाठवायचं. बँक स्वतःहून होल्ड सोडत नाही, कारण हॉटेल उद्या ते पैसे मागू शकतं. कोणीच काही केलं नाही तर मुदत संपल्यावर आपोआप सुटतं, पण हॉटेल आणि गाडीचे होल्ड महिनाभरसुद्धा राहू शकतात.

तर्रीपोहे
बरं झालं काकू बोलल्या. पण साडूचं खरंच चोरीला गेलं होतं हो, ती नक्कलच होती.

निवृत्त काउंटरवाली
असेल ना. त्याच्या स्टेटमेंटवर अनोळखी दुकानाचे झालेले व्यवहार असतील. तो वेगळा रस्ता, तिथे ब्लॉकच करायचं.

आजोबा मनीषनगर
आमचा प्रश्न वेगळा. आम्ही पशुपतिनाथाला ग्रुपने गेलो, सोबत मुलाने डॉलरचं कार्ड दिलं. काठमांडूत एकाही एटीएममध्ये चाललं नाही. पिन बरोबर होता. हेही होल्डच का?

निवृत्त काउंटरवाली
नाही काका. भारतात दिलेलं परकीय चलनाचं कार्ड नेपाळ आणि भूतानमध्ये चालतच नाही, भारतातही नाही. त्या दोन देशांसाठी आपल्याकडे परकीय चलन देत नाहीत, तिथे आपले रुपये चालतात. तुम्ही कितीही वेळा पिन टाकला असता तरी तेच. मुलाला काउंटरवर कोणी देश विचारला नाही, याचंच नवल वाटतं.

आजोबा मनीषनगर
विचारला होता म्हणतो, त्याने सिंगापूर सांगितलं, तिथे तो आधी जाणार होता. असो. शंभराच्या नोटा होत्या, दर्शन चांगलं झालं.

रानमेवा
माझी लेक रशियात मेडिकलला आहे. तिच्या कार्डाचंही तेच, पण कारण वेगळं. मार्च 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने तिथलं काम थांबवलं, तेव्हापासून त्यांचं बाहेरचं कार्ड तिकडे चालत नाही. आम्ही एजंटच्या भरवशावर आधी पैसे भरून बसलो होतो. आता जाताना नोटाच देतो. रशियासाठी नोटांना सूट आहे, नाहीतर बहुतेक देशांना एका प्रवासात 3000 डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात. पण पोरीच्या पर्समध्ये एवढ्या नोटा म्हणजे विमान उतरेपर्यंत जीव टांगणीला.

फुटाळा
@रानमेवा कुठल्या शहरात? माझा चुलतभाऊ कझानला आहे

रानमेवा
मेसेज करते तुम्हाला.

विदर्भ एक्स्प्रेस
मला कोणी सांगितलं की युरोपात पिन सहा आकडी लागतो, आपला चार आकडी चालत नाही म्हणून कार्ड नाकारतं. खरं का?

निवृत्त काउंटरवाली
चार आकडी चालतो. चार टाकून हिरवं बटण दाबायचं, काही लोक पुढच्या आकड्यांची वाट बघत बसतात आणि वेळ संपून व्यवहार रद्द होतो. पण एक खरं आहे, चुकीचा पिन तीनदा पडला की पिन बंद होतो. कुठे मध्यरात्रीपर्यंत, कुठे चोवीस तास, बँकेप्रमाणे बदलतं. दोनदा चुकला की थांबायचं, ॲपवरून नवीन पिन करायचा. आणि मशीनवर नुसतं 'डिक्लाइन्ड' दिसतं, कारण दिसत नाही. हेल्पलाइनला मात्र कारण दिसतं: पिन चुकला, पैसे कमी, की ऑनलाइनची सोय बंद. तेच नेमकं विचारायचं.

तर्रीपोहे
मग होल्ड सुटेपर्यंत घरून पैसे टाकले की झालं ना? भाऊजी उद्याच टाकू शकतात.

शुभ्रकमळ
हेच विचारणार होते. आज शुक्रवार, साडेपाच वाजले, आणि त्याचे बाबा आत्ता बर्डीवर आहेत.

निवृत्त काउंटरवाली
आज बँकेत होणार नाही, शनिवारी-रविवारी चलनाचा बाजार बंद. बऱ्याच शाखा सोमवारीच करतील. काही बँकांच्या ॲपवरून सुट्टीतही पैसे टाकता येतात, ते आधी बघा. शाखेत जायचं झालं तर फॉर्म ए2, भाच्याचं अधिकारपत्र, पासपोर्ट-व्हिसाची प्रत आणि पॅन लागेल, शाखेप्रमाणे थोडं कमीजास्त. आणि टाकताना नक्की युरोच्या पाकिटात टाका. अनेक चलनांच्या कार्डात कोणी घाईत डॉलरमध्ये टाकलं तर युरोचं पाकीट रिकामंच दिसतं आणि पुन्हा तोच गोंधळ. प्रागमध्ये कोरुना चालतो, त्यामुळे युरोतून वळवताना वर साधारण साडेतीन टक्के कापले जातात, ते धरूनच एटीएममधून काढा. मशीन 'रुपयांत घ्यायचे का' विचारेल, नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात.

बाकी शुभ्रकमळ, तुमच्या साल्झबर्गचं एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडे 1304 मोकळे असते तरी गाडी मिळालीच असती असं नाही. गाडीवाले बऱ्याच ठिकाणी प्रीपेडवर अनामत घेतच नाहीत, क्रेडिट कार्डच मागतात.

शुभ्रकमळ
हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं! तिकडची बाई फक्त मान हलवत होती.

फुटाळा
मग प्रीपेड कार्ड न्यायचंच कशाला? साधं क्रेडिट कार्ड नेलं तर?

विदर्भ एक्स्प्रेस
त्यावर परदेशात कट लागतो ना भाऊ, साडेतीन टक्क्यांपर्यंत, वर जीएसटी. मी दोन्ही नेतो. अनामत क्रेडिटवर, खर्च प्रीपेडवर.

फुटाळा
हॉटेलवाले दोन वेगळी कार्डं घेतात का, आत येताना एक आणि बिलाला दुसरं?

निवृत्त काउंटरवाली
बहुतेक घेतात. पण निघताना पहिल्या कार्डावरचं ऑथरायझेशन माझ्यासमोर रद्द करा असं सांगा आणि रद्द केल्याची स्लिप मागा. ती स्लिप हातात असली की बँकेशी भांडायला कागद असतो. काही हॉटेलं देत नाहीत, म्हणतात आपोआप होईल. त्यावर मला आजवर पक्का इलाज सापडलेला नाही.

शुभ्रकमळ
ताजं सांगते. हॉस्टेलचा मेल आला, रद्द केलं म्हणतात, पण कोड दिलेला नाही. भाच्याने पुन्हा मागितला आहे. बँकेने सध्या नुसता तक्रार नंबर दिला आहे. 212 अजून तसेच. त्याच्याकडे सुट्टे कोरुना आहेत आणि परतीचं तिकीट आधीच काढलेलं आहे, म्हणून ताई थोडी शांत झाली आहे.

@विदर्भ एक्स्प्रेस, तो म्हणतो डिसेंबरात कानटोपी हवीच, आणि हातमोजे इथूनच घ्या.

विदर्भ एक्स्प्रेस
धन्यवाद! सदरला कुठे मिळतील चांगले?

रानमेवा
सदरला नको, बर्डीवर बघा. लेकीचे तिथूनच घेतले होते.