समांतर जोडणीत रोधांच्या व्यस्तांची बेरीज का?

«लॅमिंग्टन रोडवरून २२० आणि ४७० ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर आणले. एकापुढे एक जोडले तर मीटर ६९० दाखवतो, शेजारी शेजारी जोडले तर १५०! दोन रोध मिळून कमी कसे?»

९ व्होल्टची बॅटरी लावून प्रवाह मोजा. एकसरीत दोघांतून एकच प्रवाह जातो, साधारण १३ मिलिअँपिअर. व्होल्टेज मात्र वाटलं जातं: २.९ आणि ६.१. व्होल्टेजची बेरीज होते, म्हणून रोधांचीही होते.

समांतर जोडणीत दोघांवर पूर्ण ९ व्होल्ट असतात. २२० मधून ४१, ४७० मधून १९ मिलिअँपिअर, एकूण ६०. इथे बेरीज प्रवाहांची आहे आणि प्रवाह म्हणजे व्होल्टेज भागिले रोध, म्हणून १/R = १/२२० + १/४७०. नवी वाट मिळाली की एकूण प्रवाह वाढतोच. त्यामुळे उत्तर नेहमी सर्वांत लहान रोधापेक्षाही कमी येतं. तसं आलं नाही, तर बहुधा शेवटी १/R उलटा करून R काढायचा राहिला.

एक सांभाळा. समांतर जोडणीत लहान रोध जास्त तापतो. तुमच्या २२० वर ०.३७ वॅट खर्च होतात, म्हणजे पाव वॅटचा तिथे करपू शकतो. अर्ध्या वॅटचा घ्या.