कॅश ऑन डिलिव्हरीचा माल परत केला, पैसे कसे आले? अनुभव सांगा

पऱ्हाटीवाला, दारव्हा: आज शेजारच्या काकू कुरिअरवाल्या पोराशी भांडून रायल्या होत्या, "नगद घेतले न, मंग नगदच दे!" मले माझा फवारणी पंप आठवला. ₹1,850 मोजून घेतला, चार्जच होईना. परत नेला, पण पोराकडं पैसे नसतातच; ॲपमध्ये खाते नंबर न आयएफएससी भरावं लागते. भरलं. ॲपवर 'रिफंड कम्प्लीटेड', हिरवी खूण. पासबुक कोरडं! तुमचं काय झालं?

चंद्रपूरची ताई: काकूंचं काय झालं मंग?

गजूभाऊ: मी तर पार्सल दारातूनच वापस केलं, मले अजून रिफंड नाही आला.

पऱ्हाटीवाला: पैसे दिले होते का बाप्पा?

गजूभाऊ: नाही.

चंद्रपूरची ताई: 😂😂

सुनील, आर्वी: नाव चुकलं असंल. नाव जुळलं नाही का बँक पैसे आपोआप फिरवते.

बँकमित्र_पुसद: सुनीलभाऊ, फिरवते हे खरं, पण नावावरून नाही. एनईएफटीत जमा होतात ते खाते नंबर पाहून. तसा नंबरच नसला, नाहीतर खातं बंद असलं, तर पैसे परत जातात, अन् जातात विक्रेत्याकडं. ॲपवरची खूण मात्र तशीच राहू शकते. एक आकडा चुकून दुसऱ्याच्या चालू खात्यात पडले, तर ते आपोआप फिरत नाहीत. पऱ्हाटीवाले, कस्टमर केअरले 'पैसे कुठं' विचारू नका, यूटीआर नंबर मागा, म्हणजे त्या पैसे पाठवल्याचा ओळख नंबर. एनईएफटीचा 16 अक्षरांचा असते. तो घेऊन शाखेत जा.

पऱ्हाटीवाला: तेच केलं होतं शेवटी. मॅडमनं नंबर टाकून पाहिला, आपल्या खात्यात नोंदच नाही. तो निरोप कंपनीले कळवला तवा त्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, पैसे वापस येऊन पडले होते. माझं पासबुक विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं, 1 मे 2025 पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. कोडचा घोळ का अजून काही, कोणीच नक्की नाही सांगितलं. शाखेतून आताचा कोड लिहून घेतला, फिरून भरला, मंग आले.

मीनाक्षी_वणी: माझे वॉलेटमध्ये टाकले. लगेच आले, पण बँकेत काढताच येईना, त्याच ॲपवर खर्च करा म्हणे. गरज नसताना साडी घेतली 🙄 निवडायच्या आधी 'बँक' हा पर्याय आहे का ते पाहा.

चंद्रपूरची ताई: साडी कशी निघाली?

मीनाक्षी_वणी: रंग गेला. परत नाही केली.

सुनील, आर्वी: आमच्या पोट्ट्याले फोन आला, रिफंडसाठी यूपीआय पिन टाका म्हणे.

बँकमित्र_पुसद: पैसे यायले पिन लागतच नाही. गेले असतील तर लगेच 1930 ले लावा.

सुनील, आर्वी: नाही गेले, खात्यात होतेच कुठं! पंप आता कोणता घेतला?

पऱ्हाटीवाला: यवतमाळातून, दुकानातून. पहिले चार्जिंगले लावून पाहिला, मंगच पैसे दिले.