लग्नाची आदली रात्र आणि न उघडणारे कपाट : आपले अनुभव लिहावेत

नौपाड्याची धाकटी

पुढच्या आठवड्यात भाचीचे लग्न आहे. काल तिला आजीची पैठणी दाखवण्यासाठी ताईने आईचे जुने लोखंडी कपाट उघडले, तेव्हा हँडल फिरताना क्षणभर अडले आणि आम्ही दोघी एकदमच थबकलो. भाचीला काही कळले नाही, पण आम्हाला 1998 सालच्या मे महिन्यातली ती रात्र आठवली. म्हणून ती हकीकत इथे लिहीत आहे. आपल्यापैकी कुणावर असा प्रसंग आला असेल, तर त्यांनीही लिहावे.

ताईच्या लग्नाची ती आदली रात्र होती. आमचे घर नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, दोनच खोल्यांचे. हळद झाली होती आणि बाहेरगावची वीसेक माणसे मुक्कामाला होती. त्यांच्या अंथरुणांसाठी जागा हवी म्हणून संध्याकाळी काका आणि आतेभावांनी ते भरलेले कपाट आतल्या खोलीच्या एका भिंतीपासून ढकलत ढकलत मोरीजवळच्या कोपऱ्यात नेले. रात्री साडेअकराच्या सुमारास आईने शालू आणि दागिने काढून ठेवायला सांगितले. ताईने किल्ली लावून फिरवली आणि हँडल धरले, पण ते तसूभरही हलेना.

कुलूप बिघडले, असेच सर्वांना वाटले. एका काकूंनी लगेच किल्लीच्या भोकात खोबरेल तेल सोडायला सांगितले. मामा हँडलमध्ये पाइप अडकवून जोर लावायला निघाले होते. जांभळी नाक्याजवळ बसणारे चावीवाले केव्हाच घरी गेले होते आणि सकाळी आठला आम्हाला कार्यालयात पोहोचायचे होते. ताई हळदीच्या साडीत कपाटासमोर जमिनीवर बसली होती. ती रडत नव्हती, नुसती किल्ली पुनःपुन्हा लावून काढत होती. तिच्या त्या करण्यातूनच आम्हाला वाट सापडली. ती म्हणाली, "अगं, किल्ली तर अगदी नेहमीसारखी फिरते आहे. पूर्ण फिरते, परत येते, सहज बाहेर निघते. मग बिघडले आहे ते कुलूपच कशावरून?"

मी मागे सरून कपाटाकडे नीट पाहिले, तर दोन्ही दारांच्या वरच्या कडा एका रेषेत नव्हत्या. हँडल असलेले उजवे दार डाव्या दारापेक्षा जवळपास बोटभर खाली उतरले होते. जुन्या घरांत मोरीकडे पाणी वाहून जावे म्हणून फरशीला उतार दिलेला असतो. कपाटाचा उजवा पुढचा पाय नेमका त्या उतारावर आला होता आणि भाराने कपाटाचा सांगाडाच तिरका झाला होता. हँडल फिरवले की दाराच्या आतल्या दोन उभ्या सळ्या वरच्या आणि खालच्या भोकांतून सुटतात, हे आम्हाला ठाऊक होते, कारण लहानपणी उघड्या दाराचे हँडल फिरवून त्या सळ्या वरखाली होताना पाहण्याचा आम्हाला नादच होता. सांगाडा तिरका झाल्यामुळे त्या सळ्या भोकांच्या कडांवर दाबून बसल्या असणार, हे तेव्हा लक्षात आले.

आम्ही मामांना थांबवले. आरसा फुटू नये म्हणून त्यावर उशी धरून ताईने कपाटाचा वरचा भाग दोन्ही हातांनी भिंतीकडे रेटला. त्यामुळे पुढचे पाय किंचित हलके झाले. मी उरलेल्या लग्नपत्रिका एकावर एक ठेवून लाकडी फूटपट्टीने त्या पायाखाली सरकवल्या. बोटे मुद्दाम लांब ठेवली होती. पहिल्या तीन पत्रिकांनी दारांतला फरक कमी झाला, पण हँडल हलले नाही. आणखी दोन सरकवल्यावर दोन्ही कडा जुळल्या. मग ताईने गुडघ्याने दार आत दाबले आणि जोर न लावता हँडल फिरवले, तेव्हा आतून 'खट्' असा आवाज आला आणि दार उघडले. आई देवापुढे बसली होती. तो आवाज ऐकून ती उठली आणि काही न बोलता तिने आम्हा दोघींच्या डोक्यांवरून हात फिरवला.

खाडीकाठ

वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडेही असेच झाले होते, फक्त त्या कपाटात दागिन्यांऐवजी भावाचा पासपोर्ट होता. माझ्या मते मात्र काकूंचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आम्ही खोबरेल तेल घातले, वर पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली आणि कुलूप सुटले. तेव्हापासून दर महिन्याला मी तेच करते.

कळव्याचे कपाटवाले

वडिलांबरोबर आणि पुढे एकट्याने मी तीस वर्षे लोखंडी कपाटांची दुरुस्ती केली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या ताईंनी केलेली परीक्षा हीच खरी परीक्षा आहे. किल्ली पूर्ण फिरते आणि हँडल फिरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोष कुलपात नसतो, सळ्यांत किंवा कपाटाच्या बैठकीत असतो. किल्ली आत शिरते पण फिरत नाही, तेव्हा कुलपाच्या आतल्या पट्ट्या चिकटलेल्या असतात किंवा किल्लीचे दाते झिजलेले असतात. अशा वेळी पायाखाली कितीही पत्रिका सरकवल्या तरी उपयोग होणार नाही. तेव्हा आधी घरातली न वापरलेली दुसरी किल्ली शोधावी, कारण रोजच्या किल्लीवरून नक्कल काढली असेल, तर तिच्यात झीजसुद्धा तशीच उतरलेली असते. आणि किल्ली पूर्ण आतच जात नसेल, तर भोकात काहीतरी अडकले आहे असे समजावे.

मामांना थांबवलेत, हे फार चांगले केलेत. ते हँडल ओतीव धातूचे असते. पाइप लावून पीळ दिला तर ते मुळाशी तुटते आणि नुसता चौकोनी दांडा दारात उरतो. मग दार कापण्याची वेळ येते. अशी तुटलेली हँडले घेऊन माझ्याकडे आलेल्या माणसांपैकी बहुतेकांची किल्ली व्यवस्थित फिरत होती.

पाचर कोणत्या पायाखाली द्यायची, हे दारेच सांगतात. जे दार खाली उतरलेले दिसते, त्याच बाजूचा पुढचा पाय उचलायचा. फक्त एक सावधगिरी सांगतो. कपाट मागे भिंतीकडेच रेटावे, पुढे कधीही ओढू नये. भरलेले कपाट एकदा पुढे झुकले की दोन माणसांना आवरत नाही.

खाडीकाठताई, खोबरेल तेलाने कुलूप त्या वेळी सुटते हे खरे आहे, पण ते तेल कालांतराने चिकट होते आणि धूळ धरते. पेन्सिलीची पूड कोरड्या कुलपात उत्तम काम करते, पण तेलावर टाकली की तिचा चिखल होतो. दर महिन्याला दोन्ही घालत असाल, तर आता थांबा. किल्ली लावून काढा, फडक्याने पुसा आणि किल्ली स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. नंतर शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

खाडीकाठ

आपण सांगितल्याप्रमाणे आत्ताच किल्ली पुसून पाहिली. फडके काळेकुट्ट झाले आणि नवव्या वेळीही काळेच निघते आहे. पोळ्या झाल्यावर पुन्हा बसते.

खारघरची सासू

आमच्याही कपाटाचे असेच होते, पण फक्त जुलै आणि ऑगस्टमध्ये. दिवाळीपर्यंत ते आपोआप मोकळे होते. कपाट सागवानी आहे. मी पायाखाली पुठ्ठा ठेवून पाहिला, पण काहीच फरक पडला नाही. माझे काय चुकले असेल?

नौपाड्याची धाकटी

काकू, आमचे कपाट लोखंडी होते. आपले लाकूड पावसाळ्यात दमट हवेने फुगत असावे आणि दार चौकटीला घासत असावे. जिथे घासते तिथे लाकडावर चकाकी येते, ती शोधून पाहावी. मात्र रंधा मारण्याची घाई पावसाळ्यात करू नये, नाहीतर उन्हाळ्यात तिथे फट दिसेल.

ऐरोली सेक्टर

माझा अनुभव वेगळा आहे. बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कपाट उघडले होते, पण आतल्या छोट्या तिजोरीची किल्ली हरवली होती आणि मंगळसूत्र त्या तिजोरीतच होते. आलेल्या चावीवाल्यांनी कोरी किल्ली मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळीने काळी केली, ती कुलपात घालून हलकेच फिरवली आणि बाहेर काढून जिथे घासल्याच्या खुणा दिसल्या तिथेच कानस चालवली. असे त्यांनी पुष्कळ वेळा केले. पाऊण तास आम्ही सगळे श्वास रोखून त्यांच्या कानशीचा आवाज ऐकत होतो. बहिणीने त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही.

उपवन परिसर

मूळ हकीकतीबद्दल एक शंका आहे. फरशीचा उतार कारण होता, की भरलेले कपाट ढकलताना त्याचा पाय वाकला होता? आमच्या कपाटाचा पाय असाच ढकलण्याने आत वळला होता आणि दिसायला तेही तिरके झालेच होते.

कळव्याचे कपाटवाले

दोन्ही शक्य आहे. कपाट मूळ जागी परत नेल्यावर दारे पाचरीशिवाय जुळली असतील, तर दोष फरशीचा. तिथेही पाचर द्यावी लागली असेल, तर पाय वाकला होता असे म्हणता येईल.

ताई, सध्या डोंबिवली

धाकटीने मला हे वाचायला पाठवले. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात. पत्रिका पाच नव्हत्या, सात होत्या. पाच सरकवल्यावर दारे जुळलेली दिसली, पण हँडल सुटले नव्हते. तेव्हा मी दाराच्या वरच्या कडेजवळ, जिथे सळी भोकात शिरते तिथे, लाटण्याला टॉवेल गुंडाळून चार-पाच हलके ठोके दिले आणि मग आणखी दोन पत्रिका सरकवायला लावल्या. ते ठोके धाकटीच्या लक्षात नाहीत, कारण ती तेव्हा पालथी पडून पायाखाली बघत होती.

दुसरे म्हणजे, लग्नानंतर कपाट जुन्या जागी नेले तेव्हा मी सासरी होते. तिथे पाचर लागली की नाही, हे मला माहीत नाही.

नौपाड्याची धाकटी

ताई, लाटणे मला खरोखरच आठवत नाही, पण तू म्हणतेस तर दिलेच असशील. परत नेताना मीही कॉलेजात होते. बाबांनी ते एकट्याने कसे नेले, हे विचारायला आता ते नाहीत.

तुझी पोस्ट वाचून आत्ता विजेरी घेऊन कपाटाखाली पाहिले. उजव्या पुढच्या पायाखाली चपटा झालेला एक गठ्ठा आहे आणि त्याच्या कडेला कुंकवाचा रंग अजून दिसतो. किती पत्रिका आहेत ते मोजता आले नाही, कारण त्यासाठी कपाट रेटावे लागेल आणि लग्न होईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. पाहुण्यांची अंथरुणे या वेळी बाहेरच्या खोलीत घालू. शालू आणि दागिने मात्र आजच काढून तुझ्याकडे पाठवते.