रुंद कपाळाला मोठी टिकली की लहान?

मुक्ता: पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे. नऊवारी, नथ आणि चंद्रकोर एवढं ठरलंय. माझं कपाळ रुंद, चेहरा गोलसर. आई म्हणते, रुंद कपाळावर मोठी टिकली अंगावर येते, बारीकच लाव. मैत्रीण म्हणते, बारीक टिकली त्या मैदानात हरवून जाते. रोज मी बारीकच लावते आणि फोटोत ती खरंच दिसत नाही. कुणाचं ऐकू?

टिपरी: यात गोंधळण्यासारखं काही नाही. गोल चेहऱ्याला उभट टिकली, लांबट चेहऱ्याला गोल, चौकोनी जबड्याला कोर. तुझा चेहरा गोल, म्हणजे चंद्रकोर आडवी पसरून तो आणखी गोल दिसणार. थेंबाच्या आकाराची लांब टिकली घे. चेहरा लगेच उभा वाटतो.

वैदेही: लग्नांचे मेकअप करते, त्यामुळे रोज चार कपाळं हाताखालून जातात. टिपरी, हा तक्ता मीही सुरुवातीला पाठ केला होता. अडचण अशी की तो चेहऱ्याचा बाहेरचा घेर बघतो आणि टिकली घेराजवळ नसतेच. तिचे खरे शेजारी म्हणजे दोन भुवयांची आतली टोकं. ती जवळ आहेत की लांब, यावर निम्मा निकाल लागतो. उरलेला निम्मा कपाळाच्या उंचीवर, म्हणजे भुवयांपासून केसांपर्यंत किती जागा आहे त्यावर. कपाळाची रुंदी माझ्या हिशेबात तिसरी येते. मुक्ता, घरात पट्टी असेल तर ही तीन मापं घेऊन सांग. भुवयांमधलं अंतर मोजताना भुवया उंचावू नकोस, चेहरा सैल ठेव.

नलूआत्या: कपाळ रुंद म्हणजे केस मागे हटलेत का गं? माझ्या सुनेचंही असंच झालं. रोज घट्ट वर ओढून अंबाडा बांधायची. तो सैल केला तेव्हा बारीक केस पुन्हा आले. भांगही बदलून बघ.

मुक्ता: नलूआत्या, केस ठीक आहेत हो, कपाळ जन्मापासूनच तसं आहे. 🙂
वैदेही, मापं अशी: भुवयांमध्ये 36 मिमी, भुवयांपासून केसांपर्यंत साधारण साडेपाच सेंमी, रुंदी 14 सेंमी. रोजची टिकली मोजली, 4 मिमी निघाली.

वैदेही: नलूआत्या विषय सोडून बोलल्या असं वाटेल, पण अंबाड्याचा मुद्दा कामाचा आहे. शेवटी त्यावर येते.

मुक्ता, तुझं कपाळ रुंद आहे, पण उंच नाही. आणि भुवया एकमेकींपासून बऱ्याच लांब आहेत. फोटोत खटकतं ते बहुतेक हेच, रुंदी नाही. 36 मिमीच्या मोकळ्या जागेत 4 मिमीचा ठिपका ठेवला की दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मिमी रिकामे राहतात. नजर त्या ठिपक्यावर टिकत नाही, रिकाम्या जागेवर जाते आणि भुवया आणखी दूर वाटतात. तिथे 10-11 मिमीची गोल टिकली लावलीस तर प्रत्येक बाजूला साडेबारा-तेरा मिमी उरतात. ऐकायला फरक थोडा आहे, पण मधली जागा भरलेली वाटायला लागते. म्हणजे तुझ्या बाबतीत मैत्रीण बरोबर. आईचा नियम ज्यांच्या भुवया जवळ आणि दाट आहेत त्यांना लागू पडतो. 22-23 मिमीच्या फटीत 11 मिमीची टिकली बसवली की तिन्ही मिळून एकच पट्टा दिसतो आणि चेहऱ्यावर आठी पडल्यासारखं वाटतं.

लांब टिकलीबद्दल मात्र टिपरीशी माझं पटत नाही. साडेपाच सेंमी उंचीच्या कपाळावर 20 मिमीची उभी टिकली लावली तर एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची तीच खाते. ती कपाळाला मधोमध रेघ मारते, दोन्हीकडे दोन सपाट तुकडे पडतात आणि तेच नजरेत भरतात.

रावी: मला हे सगळं वाचून हसू येतंय. आमच्या आजीकडे भोकाचा पैसा होता. कपाळाला मेण लावायचं, पैसा ठेवायचा, भोकातून पिंजर दाबायची. आजी, तिच्या दोन जावा, तीन नणंदा, सगळ्यांना तोच पैसा. कुणी लांब चेहऱ्याची, कुणी गोल, कुणाचं कपाळ चार बोटं, कुणाचं दोन. कुंकू मात्र सगळ्यांचं एका मापाचं, आणि जुन्या फोटोत एकही वाईट दिसत नाही. कपाळ म्हणजे दुरुस्त करायची चूक आहे हे आपल्या डोक्यात कुणी भरलं? हवी तेवढी लावा.

वैदेही: रावी, तो फोटो हाताशी असेल तर एकच गोष्ट बघ. कुंकू सगळ्यांच्या कपाळावर एकाच उंचीला आहे का?

रावी: बघितला. नाही. आजीचं अगदी भुवयांच्या मध्ये, धाकट्या जावेचं चांगलं बोटभर वर. पण ते मुद्दाम केलं होतं असं तुम्ही म्हणणार. मला वाटतं, घाईत आरशासमोर जिथे हात गेला तिथे लागलं.

वैदेही: असेलही. पण रोज पन्नास वर्षं एकाच जागी हात जात असेल तर डोळ्याने ती जागा निवडलीच असणार ना? माझा मुद्दा तोच आहे. माप पक्कं असलं तरी जागा हलवून बराच फरक पडतो. टिकली भुवयांच्या वरच्या कडेच्या रेषेत आली की डोळे आणि टिकली एक गट होतात, कपाळ मागे राहतं. तीच सात-आठ मिमी वर नेली की नजर कपाळावर चढते. उंच कपाळाच्या बाईने वर लावली तर रिकाम्या जागेला मध्ये टेका मिळतो आणि कपाळ कमी उंच वाटतं. बुटक्या कपाळावर तसं केलं तर टिकली केसांना जाऊन भिडते.

टिपरी: म्हणजे तक्ता चुकला नाही, अपुरा आहे. माझ्या बहिणीचा चेहरा गोल, पण कपाळ चांगलं सहा-साडेसहा सेंमी. तिला लांब टिकली खरंच शोभते, चंद्रकोर नाही. हे मी बघितलेलं आहे.

वैदेही: तिला शोभत असणार, मान्य. उंची आहे म्हणून उभ्या टिकलीला मागे जागा मिळते. पण मग श्रेय गोल चेहऱ्याला की उंच कपाळाला? तिचे केस पुढे कपाळावर ओढून पुन्हा लावून बघ.

चष्मेवाली: माझी अडचण कुणीच धरत नाही. चष्म्याचा मधला पूल नाकावर जिथे बसतो, तिथून वर सेंटीमीटरभरात टिकली आली की चष्मा आणि टिकली चिकटल्यासारखी दिसतात. जाड काळी फ्रेम आणि काळी टिकली तर विचारूच नका. मी 6 मिमीची मरून लावते आणि सरळ वर सरकवते, कपाळ कसंही असो.

सायली_ठाणे: आणि मी मोठी लावते त्याचं कारण सौंदर्य नाहीच. वर्षानुवर्षं स्टिकरची टिकली एकाच जागी लावून तिथली कातडी पांढरी पडली. त्वचेच्या डॉक्टरांनी डिंकाकडे बोट दाखवलं आणि स्टिकर बंद करायला सांगितला. आता डागापासून बाजूला, थोडी वर, कुंकू लावते. मुक्ता, मोठी टिकली म्हणजे डिंकही मोठ्या जागेवर. लग्नाच्या दिवशी चालेल, पण रात्री काढून ठेव. खाज किंवा लाली आली तर जागा बदलून भागत नाही, ती टिकलीच सोड.

मुक्ता: सायली, हे माहीत नव्हतं. बारीक टिकली मी झोपतानाही काढत नाही, आजपासून काढते.
चंद्रकोरीचं काय करू? पाकिटातली मोठी कोर 16 मिमी रुंद आहे, खाली वेगळा ठिपका आहे. काल भुवयांच्या मध्ये लावून बघितली तर कसंतरीच दिसलं. तिसरी भुवई उगवल्यासारखं. फोनवर फोटो काढला तर त्याहून वाईट.

वैदेही: 16 मिमी तुला जास्त नाही, दोन्ही बाजूंना दहा-दहा उरतात. चूक उंचीची आहे. कोरीची टोकं वर वळलेली असतात. कोर भुवयांच्या रेषेत बसवली की ती टोकं भुवयांच्या टोकांशेजारी येतात आणि दोन्ही कमानी एकमेकींशी भांडतात. कोरीचा पोटाचा भाग भुवयांच्या वरच्या कडेपेक्षा तीन-चार मिमी वर राहू दे. मग ठिपका आपोआप भुवयांच्या मध्ये उतरतो आणि ती मोकळी जागाही भरतो. ठिपका 3-4 मिमीच ठेव. तो मोठा झाला तर कोर आणि ठिपका मिळून उभी पट्टी होते आणि आपण लांब टिकलीवरच परत आलो.

आता अंबाडा. नऊवारीवर केस चापून मागे घेतले की 14 सेंमीतला एकेक मिमी दिसतो. कानशिलावर दोन्हीकडे केस थोडे सैल सोडले तर रुंदी जेवढी झाकली जाते, तेवढी कुठल्याही टिकलीने झाकली जात नाही. नलूआत्यांचा अंबाडा इथे कामी येतो.

निखिल (फोटो काढतो): हात लांब करून काढलेल्या फोटोवरून टिकली ठरवू नका. फोन चेहऱ्याच्या इतक्या जवळ असला की नाक आणि चेहऱ्याचा मधला भाग फुगतो, बाजू मागे जातात. कपाळाची रुंदी त्यात खोटीच येते. कुणाला तरी सहा-सात फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून काढायला सांगा. समारंभात लोक साधारण तेवढ्याच अंतरावरून बघतात. आणि खड्याची कोर असेल तर फ्लॅशमध्ये ती पांढरा ठिपका होते, आकार उरत नाही. साध्या मखमली टिकलीचा आकार टिकतो.

टिपरी: हे मात्र मी बहिणीच्या फोटोतही धरलं नव्हतं. तिचे सगळे फोटो सेल्फीच आहेत.

मुक्ता: सगळं करून बघितलं. भावाने सात फुटांवरून तीन फोटो काढले: 4 मिमीची गोल, 11 मिमीची गोल, आणि कोर साडेतीन मिमी वर. कानशिलावरचे केस तिन्हींत सारखेच सैल ठेवले, नाहीतर फरक कशाचा ते कळलं नसतं. पहिल्यात भुवया खरंच लांब दिसतात. कोर चांगली दिसते, तिसरी भुवई गेली. पण आईला दाखवले तर तिने 11 मिमीच्या गोल टिकलीवर बोट ठेवलं, "ही लाव, कोर नको." वर म्हणते, मी बारीक म्हटलं होतं ते ऑफिसला.

रावी: बघा, शेवटी आईला मोठीच आवडली. पट्टी न लावता.

वैदेही: आवडली, पण ती भुवयांच्या रेषेत होती म्हणून. मुक्ता, तीच 11 मिमीची एक सेंमी वर लावून चौथा फोटो काढ आणि आईला न सांगता दाखव.

मुक्ता: आई झोपली. उद्या सकाळी दाखवते.