अंकासाठी आलेली कथा: दुसरी मेल पुन्हा चुकते कशी?

प्रेषक: मंजिरी (संपादन)

मंडळी, कथेचा खर्डा सगळ्यांकडे पोचला आहे. वसुधा भावाला, सुहासला, वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल लांबलचक मेल लिहिते. जीमेलच्या पत्त्यातलं टिंब राहून जातं, मेल परदेशातल्या एका अनोळखी बाईंना मिळते आणि पुढे मैत्री जमते. टिंबाची चूक पटते का? आणि मला जास्त खटकलं ते असं, की चूक कळल्यावरही वसुधाची दुसरी मेल त्याच बाईंकडे का जाते? लेखकाने ‘योगायोगाने’ लिहून हात झटकलेत.

प्रेषक: निखिल

टिंब राहणं ही अगदी नेहमीची चूक आहे, तशीच ठेवा. अडचण वेगळीच दिसते. वसुधा मेल रिकॉल का करत नाही? ऑफिसात सर्रास करतात.

प्रेषक: श्रीधर

निखिल, टिंब राहतं हे खरं, पण जीमेल ते मोजतच नाही. टिंब असो वा नसो, मेल सुहासलाच मिळेल आणि कथा पहिल्या पानावरच संपेल. इतर बऱ्याच सेवांमध्ये टिंबाने पत्ता बदलतो, तिथे ही चूक चालली असती. रिकॉल ऑफिसात चालतं कारण दोन्ही खाती एकाच संस्थेच्या सर्व्हरवर असतात. बाहेर गेलेली मेल परत येत नाही. जीमेलचं ‘अनडू’ म्हणजे मेल जास्तीत जास्त ३० सेकंद रोखून धरणं, एवढंच.

माझा आक्षेप नावावर आहे. परदेशातल्या बाईंचा पत्ता ‘सुहास’ने कशाला सुरू होईल? भावाऐवजी बहीण घ्या आणि तिचं नाव अनिता ठेवा. स्पॅनिश बोलणाऱ्यांतही अनिता असतात. नावापुढे दोन आकडे, ७४ च्या जागी ४७. असा पत्ता अस्तित्वातच नसता तर काही मिनिटांत `550 5.1.1` असा आकडा घेऊन मेल परत आली असती. ती आली नाही, म्हणून वसुधा निर्धास्त. पेटी कुणाचीतरी आहे एवढंच त्यावरून कळतं, कुणाची ते नाही.

आता मंजिरीताईंचा प्रश्न. इथे योगायोग लागतच नाही. जीमेल नव्या पत्त्यावर मेल गेली की तो पत्ता आपणहून साठवून ठेवतं. त्यातून बाईंचं उत्तर आलं, वसुधाने माफी मागितली, म्हणजे तो पत्ता ताजाही झाला. पुढच्या वेळी ‘अनि’ टाइप केलं की सुचवण्यांत दोन अनिता दिसणार, आणि परकी वर असण्याची शक्यता चांगलीच. फोनवर निवड केल्यावर नुसतं नाव दिसतं, आकडे दिसत नाहीत. दिलगिरीच्या मेलमुळेच दुसरी चूक होते. कथेला याहून चांगला सांधा मिळणार नाही.

प्रेषक: विद्या

चुकीच्या पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर, मंडळाच्या मेल मला दोन-दोन येतात. जुना पत्ता काढून टाका, ही विनंती.

प्रेषक: मंजिरी (संपादन)

विद्याकाकू, तो विषय वेगळा. सचिवांना कळवते.

प्रेषक: रोहिणी

तांत्रिक बाजू जमली तरी आजचा वाचक ‘ही फसवणूक’ असंच म्हणणार. ‘चुकून तुम्हाला मेसेज गेला’ अशी सुरुवात करून ओळख वाढवायची आणि मग गुंतवणुकीचं गाजर दाखवायचं, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. पण त्या मेसेजात काही नसतं, दोन गोड ओळी, कुणालाही लागू पडतील अशा. खऱ्या चुकलेल्या मेलमध्ये परक्याला निरुपयोगी तपशील ठासून भरलेला असतो: कुठल्या डोळ्यात कोणते थेंब, दिवसातून किती वेळा, मेडिक्लेमचा कोणता कागद राहिला. तो ठेवाच. दुसरं, फसवणुकीत संभाषण रेटतो तो चुकून पाठवणारा. इथे वसुधाने माफी मागून थांबावं आणि आठवड्याने बाईंनीच विचारावं, वडिलांना आता दिसतं का?

प्रेषक: निखिल

त्यापेक्षा कथा २००३ मध्ये न्या, संशयाचा प्रश्नच मिटेल.

प्रेषक: श्रीधर

२००३ मध्ये जीमेल नव्हतं, ते २००४ मध्ये आलं. आणि मग फोनही गेला, सुचवण्याही गेल्या.

एक राहिलं. ‘मी परदेशात राहते’ हे वाक्य बाईंच्या तोंडी नको. उत्तराखाली जुनी मेल जोडली जाते, तिच्या डोक्यावरची ओळ उत्तर देणाऱ्याच्या भाषेत आणि घड्याळात असते:

```
El mar, 4 mar 2025 a las 13:10, Vasudha escribió:
```

वसुधाने मेल रात्री ९:४० ला पाठवलेली. साडेआठ तासांचा फरक तिचा तिला कळू दे.

प्रेषक: रोहिणी

ओळ छान आहे. पण दुसरी चूक खरंच चूकच ठेवायची का? वरची अनिता परकी आहे हे वसुधाला दिसलं आणि तरी तिने पाठवलं, तर?

प्रेषक: मंजिरी (संपादन)

ते लेखकाला विचारते. मला स्वतःला ते पटत नाही, तिसऱ्या मेलला चाललं असतं. नाव आणि आकडे मात्र बदलायला सांगते आहे.